सिमिलॅरिटी 27 टक्के आली, पण मजकूर कोट केलेला होता: अपीलचं लेटर कसं लिहायचं

प्रश्न: एमए सोशिऑलॉजी, शेवटचं सेमिस्टर, कॉलेज नवी मुंबईत. डिझर्टेशन इंग्लिशमध्ये आहे, विषय घणसोली गावठाण आणि साडेबारा टक्के योजना. टर्निटिनचा रिपोर्ट 27% आला आणि डिपार्टमेंटने लेव्हल 1 म्हणून नोटीस काढली, सात दिवसांत लेखी खुलासा मागितलाय. मी सगळं एपीए स्टाइलने कोट करून, सायटेशन देऊन लिहिलंय. अपील कसं लिहू, कोणाच्या नावाने, आणि मराठीत चालेल का?

उत्तर:

लेटर टाईप करायला लगेच बसू नका, आधी पूर्ण रिपोर्ट हातात घ्या. नोटिशीला बहुतेक वेळा नुसतं पहिलं पान जोडलेलं असतं ज्यावर मोठ्या अक्षरात 27% आणि खाली सोर्सेसची यादी, आणि त्या एका पानावरून अपील लिहिता येत नाही. तुम्हाला सगळी पानं हवीत, ज्यात तुमच्याच मजकुरावर रंग चढलेत आणि प्रत्येक रंगाला नंबर आहे, आणि रिपोर्ट काढताना कुठले फिल्टर चालू होते आणि कुठले बंद ते दिसतं तेही पान हवं. हेड ऑफ डिपार्टमेंटना दोन ओळींचा मेल टाका की खुलासा देण्यासाठी पूर्ण रिपोर्टची पीडीएफ द्यावी. तोंडी मागू नका, मेलवर मागितलं की तारीख राहते, आणि रिपोर्ट उशिरा मिळाला तर मुदत वाढवून मागायला तोच मेल कामाला येतो.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे, रिपोर्ट काढण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे आणि चौकशी पॅनेलवर सॉफ्टवेअर समजणारा मेंबर म्हणूनही बसतो, म्हणजे अशी लेटरं टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाचतो. त्यातली निम्मी तरी "मी खूप मेहनत केली आहे, माझं वर्ष वाया जाईल" अशी असतात, काही "सॉफ्टवेअर चुकीचं आहे" अशी, आणि एखादं थेट आरटीआय आणि कोर्टाची भाषा करणारं. पॅनेलला यातल्या कशाचंच काही करता येत नाही कारण तपासायला काहीच दिलेलं नसतं. ज्या लेटरमध्ये रिपोर्टच्या कुठल्या पानावरचा कुठला मॅच आणि तो डिझर्टेशनच्या कुठल्या पानावर कसा कोट केलाय हे लिहिलेलं असतं, ते लेटर आम्ही पानं उलटत उलटत ताडून बघतो आणि विषय तिथेच संपतो.

आता 27% म्हणजे काय ते बघू. सॉफ्टवेअरला तुमच्या मजकुरातले इतके शब्द आणखी कुठेतरी जसेच्या तसे किंवा जवळपास तसे सापडले, एवढाच त्याचा अर्थ. ते चोरले की उचित रीतीने उद्धृत केले हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, टर्निटिन कंपनीसुद्धा स्वतः हेच सांगते की हा रिपोर्ट साम्य दाखवतो, वाङ्मयचौर्य नाही. पण टर्निटिनमध्ये 24 टक्क्यांपर्यंत हिरवा रंग असतो आणि 25 ला पिवळा लागतो, त्यामुळे ऑफिसमध्ये ज्याने लिस्ट बघितली त्याला तुमचं नाव पिवळं दिसलं, इतकं साधं असू शकतं. तो रंग कंपनीचा आहे, आपल्या नियमातल्या लेव्हलशी त्याचा काही संबंध नाही.

आपला नियम म्हणजे यूजीसीचे 2018 चे वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम. त्यात 10% पर्यंतचं साम्य किरकोळ, शिक्षा नाही. 10 च्या वर 40 पर्यंत लेव्हल 1, म्हणजे सहा महिन्यांच्या आत सुधारलेला प्रबंध द्या. 40 ते 60 लेव्हल 2, एक वर्ष सबमिशन बंद. 60 च्या वर लेव्हल 3, रजिस्ट्रेशन रद्द. हे टेबल सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच विनियमांतला 7 नंबरचा विनियम फारसा कोणी वाचत नाही आणि तुमचं अख्खं अपील त्याच्यावर उभं राहणार आहे. त्यात लिहिलंय की साम्य तपासताना तीन गोष्टी वगळायच्या: परवानगीने किंवा श्रेय देऊन उद्धृत केलेला सगळा मजकूर, संदर्भसूची अनुक्रमणिका प्रस्तावना आणि ऋणनिर्देश, आणि सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाण चिन्हं नि समीकरणं. या वगळायच्याच आहेत, पॅनेलला वाटलं तर वगळा असं नाही. म्हणजे तुम्ही सवलत मागत नाही आहात, मोजणी नियमाप्रमाणे करा एवढंच म्हणताय, आणि लेटरचा सूर तसाच ठेवा, गयावया नको आणि गुरगुरणंही नको.

एक खात्री मात्र करून घ्या. हे विनियम मास्टर्स आणि रिसर्च डिग्रीसाठी दिलेल्या डिझर्टेशन, थिसिसला लागतात. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट हे त्यातून बाहेर ठेवलेत. तुमचं डिझर्टेशन आहे म्हणजे लागू, पण टीवायचं कोणी हे वाचत असेल तर त्यांना कॉलेजच्या स्वतःच्या नियमावर बोलावं लागेल.

मग सगळं नीट कोट केलेलं असताना आकडा इतका का आला? तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, एपीए स्टाइल. एपीएमध्ये 40 किंवा जास्त शब्दांचा उतारा असेल तर अवतरण चिन्ह लावायचं नाही, नवीन ओळीवर डावीकडून आत सरकवून ब्लॉक करायचा आणि शेवटी कंसात लेखक, वर्ष, पान. तुम्ही नियम पाळलात. पण टर्निटिनचा `Exclude Quotes` हा फिल्टर मुख्यतः अवतरण चिन्ह बघून चालतो. आत सरकवलेला ब्लॉक तो ओळखतो पण फाइल वर्डची असेल तरच, पीडीएफ दिली की त्याला ते इंडेंट कळत नाही आणि ब्लॉक कोट साधा परिच्छेद समजून मोजला जातो. आणि आपल्याकडे सबमिशन जवळजवळ सगळीकडे पीडीएफमध्येच मागतात! त्यात भर म्हणजे सिंगल अवतरण चिन्हं तो धरत नाही, डबलच लागतात. आणि सगळ्यात साधं कारण, फिल्टर चालूच केलेला नसतो, रिपोर्ट काढणाऱ्याने मुद्दाम टिक करावं लागतं आणि गर्दीच्या दिवसांत ते राहून जातं. `Exclude Bibliography` चंही तसंच, आणि तो संदर्भसूचीचं शीर्षक स्वतंत्र ओळीवर, ओळखीच्या शब्दात असेल तरच नीट लागतो, त्यामुळे "Sources I Have Consulted" असलं काही हौशी शीर्षक दिलं असेल तर फिल्टर चालू असूनही यादी मोजली गेलेली असू शकते.

म्हणून पहिल्यांदा रिपोर्टच्या फिल्टरच्या पानावर जा. कोट्स आणि बिब्लिओग्राफी दोन्ही बंद असतील तर अपील अर्धं तिथेच झालं. चालू असतील तरी ब्लॉक कोट्सचा मुद्दा उरतोच.

दुसरी एक जागा बघा. टर्निटिनच्या नव्या रिपोर्टमध्ये मॅचेसचे चार गट करून दाखवतात: `Not Cited or Quoted`, `Missing Quotations`, `Missing Citation` आणि `Cited and Quoted`. तुमच्या रिपोर्टमध्ये हे असेल तर शेवटच्या गटासमोर किती टक्के आहेत ते लिहून घ्या, म्हणजे तुमची बाजू रिपोर्टच्याच तोंडून येते. पण हा गटसुद्धा अवतरण चिन्ह बघूनच पडतो, त्यामुळे ब्लॉक कोट्स बऱ्याचदा `Missing Quotations` मध्ये जाऊन बसतात. ते बघून घाबरू नका, फक्त पॅनेलला कारण सांगा.

आता खरं काम, प्रत्येक मॅच हाताने तपासायचा. कसं ते दाखवतो, तुमचा रिपोर्ट मी बघितलेला नाही म्हणून आकडे मीच धरलेत, तुम्ही तुमचे घाला. समजा डिझर्टेशन 18,000 शब्दांचं आहे. 27% म्हणजे साधारण 4,860 शब्द रंगलेत. रिपोर्टची प्रिंट काढा, पेन घ्या आणि प्रत्येक रंगलेल्या तुकड्यापुढे तो कसला आहे ते लिहा. समजा संदर्भसूची आणि अनुक्रमणिका मिळून 1,260 शब्द निघाले, 7%. तुमच्या विषयात कायदे येणारच, 1894 च्या भूसंपादन कायद्याची कलम 4 आणि 6, 2013 च्या कायद्यातली बाधित कुटुंबाची व्याख्या, ते 1,080 शब्द, 6%. पुस्तकं, लेख यांतले अवतरणातले आणि ब्लॉकमधले उतारे 1,440 शब्द, 8%. तुम्ही आधी सिनॉप्सिस टर्निटिनवर टाकला असेल आणि तो त्यांच्या रिपॉझिटरीत साठला असेल तर तुमचाच मजकूर तुमच्याविरुद्ध मॅच होतो, ते 360 शब्द, 2%. राहिले 720 शब्द, 4%.

या 4 टक्क्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. त्यातलं बरंचसं असं निघतं की "City and Industrial Development Corporation of Maharashtra Limited" हे नाव दहा ठिकाणी आलंय, किंवा "the project affected persons of Thane, Panvel and Uran talukas" अशी वाक्यं जी या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण लिहितो. यूजीसीच्या त्याच विनियमाखाली टीप आहे की सलग 14 शब्दांपर्यंतचं सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले शब्द धरायचे नाहीत, तिथे ती टीप वापरा. पण त्याच 4 टक्क्यांत एखादा परिच्छेद असा सापडेल जिथे तुम्ही लेखकाचं नाव आणि वर्ष दिलंय पण वाक्यं जवळपास त्याचीच आहेत, दोन-चार शब्द बदललेले, आणि अवतरण चिन्ह नाही. साधारण प्रत्येक डिझर्टेशनमध्ये असा एखादा असतोच. तो "प्रॉपरली कोटेड" नाही, सायटेशन असलं तरी नाही. वाचणाऱ्याला त्यावरून कल्पना त्या लेखकाची आणि शब्द तुमचे असं वाटतं आणि शब्द तर त्याचेच आहेत. तो लपवू नका. पॅनेलमधला कोणीतरी तो शोधणारच, आणि तुम्ही "सगळं नीट कोट केलंय" असं ठोकून दिलेलं असेल तर बाकीच्या खऱ्या 23 टक्क्यांवरही विश्वास उडतो. उलट तुम्हीच म्हणालात की बाबा हे 120 शब्द इथे आहेत, हे दुरुस्त करून देतो, तर बाकीचं मान्य करायला पॅनेलला सोपं जातं. मी तरी असं लेटर आलं की निश्चिंत होतो, माणसाने स्वतः तपासलंय हे कळतं.

मॅच कुठल्या प्रकरणात आहे तेही बघत चला. त्याच टीपेत असंही आहे की सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी हा तुमचा स्वतःचा भाग, तिथे साम्य नकोच. कायद्याच्या किंवा पूर्वअभ्यासाच्या प्रकरणात 8% कोट्स असणं कोणालाच खटकत नाही, पण निष्कर्षाच्या प्रकरणात दुसऱ्याचा अख्खा ब्लॉक असेल तर सायटेशन असूनही प्रश्न येणार. तसा एखादा असेल तर दुरुस्तीच्या यादीत तोही टाका.

आणखी एक गोष्ट जिच्यात मुलं हमखास गडबडतात. रिपोर्टमध्ये सोर्स म्हणून तुम्ही कधी न बघितलेली वेबसाइट दिसते किंवा "Submitted to" करून कुठलीतरी परराज्यातली युनिव्हर्सिटी. मुलगा म्हणतो मी हे वाचलेलंच नाही, रिपोर्ट खोटा आहे. तसं नसतं. तुम्ही 2013 च्या कायद्यातली व्याख्या राजपत्रातून घेतली, तीच व्याख्या तिकडच्या कोणा विद्यार्थ्याने त्याच्या पेपरमध्ये घेतली, आणि सॉफ्टवेअरला तो पेपर आधी किंवा जास्त मोठा जुळला म्हणून त्याने ते नाव दाखवलं. सॉफ्टवेअर मजकूर जिथे सापडला ती जागा दाखवतं, तो मूळचा कुठला ते त्याला माहीत नसतं. याला उत्तर एकच, मूळ पानाचा पुरावा. पुस्तक लायब्ररीतून काढा, त्या पानाचा आणि मुखपृष्ठाच्या मागच्या पानाचा फोटो घ्या, कायद्याचं असेल तर राजपत्राची पीडीएफ, आणि जोडा. फोटो घेताना उतारा शब्दाला शब्द जुळतोय ना आणि तुम्ही दिलेला पान नंबर बरोबर आहे ना हेही तपासा, कारण एपीएमध्ये थेट उताऱ्याला पान नंबर लागतोच आणि नुसतं "(लेखक, 2009)" असेल तर पॅनेल म्हणू शकतं की हे प्रॉपर सायटेशन कसं. कायद्याला कलम नंबर पुरतो.

हे सगळं झालं की लेटर तासाभरात होतं. मसुदा देतो:

---

प्रति,
मा. अध्यक्ष,
विभागीय शैक्षणिक सचोटी समिती,
समाजशास्त्र विभाग, (महाविद्यालयाचे नाव)

मार्फत: (मार्गदर्शकांचे नाव व पद)

विषय: एमए प्रबंधाच्या साम्य अहवालावरील हरकतीबाबत खुलासा व फेरतपासणीची विनंती.

संदर्भ: 1) आपले पत्र क्र. ____, दि. ____. 2) साम्य अहवाल, सबमिशन आयडी ____. 3) यूजीसी विनियम, 2018, विनियम 7.

महोदय/महोदया,

वरील पत्रान्वये माझ्या प्रबंधात 27% साम्य आढळल्याचे कळवून खुलासा मागविण्यात आला आहे. अहवालातील प्रत्येक साम्य मी मूळ प्रबंधाशी व मूळ स्रोताशी ताडून पाहिले असून त्याचा तक्ता परिशिष्ट अ मध्ये जोडला आहे. त्याचा गोषवारा असा:

संदर्भसूची व अनुक्रमणिका यांचे साम्य अंदाजे 7% आहे. कायद्यातील कलमे व व्याख्या यांचे अंदाजे 6% आहे. स्रोत व पृष्ठ क्रमांक देऊन उद्धृत केलेल्या उताऱ्यांचे अंदाजे 8% आहे. हे तिन्ही भाग विनियम 7 नुसार साम्य तपासणीतून वगळावयाचे आहेत. अहवालाच्या पृष्ठ ____ वरून असे दिसते की तपासणीवेळी अवतरणे व संदर्भसूची वगळण्याचे पर्याय बंद होते. तसेच 40 व त्याहून अधिक शब्दांचे उतारे एपीए पद्धतीनुसार अवतरण चिन्हांशिवाय स्वतंत्र परिच्छेदात दिलेले असल्याने, व प्रबंध पीडीएफ स्वरूपात सादर केलेला असल्याने, सॉफ्टवेअरने ते उद्धृत म्हणून ओळखलेले नाहीत.

अंदाजे 2% साम्य माझ्याच दि. ____ रोजी याच विभागात सादर केलेल्या संशोधन आराखड्याशी आहे.

उर्वरित अंदाजे 4% पैकी बहुतांश साम्य संस्थांची नावे व सर्वसाधारण शब्दप्रयोग यांचे आहे. मात्र प्रबंधाच्या पृष्ठ 41 वरील एका परिच्छेदात (सुमारे 120 शब्द) स्रोताचा उल्लेख असला तरी शब्दरचना मूळ लेखकाच्या जवळची असून अवतरण चिन्हे दिलेली नाहीत. हा परिच्छेद समितीने सांगितलेल्या मुदतीत स्वतःच्या शब्दांत लिहून देण्यास मी तयार आहे.

तरी विनंती की, 1) प्रबंध नव्याने अपलोड न करता त्याच सबमिशनवर अवतरणे व संदर्भसूची वगळून अहवाल पुन्हा काढावा, 2) परिशिष्ट अ मधील स्वतंत्र परिच्छेदातील उतारे व कायद्याची कलमे समितीने प्रत्यक्ष पाहून वगळावीत, 3) त्यानंतरच्या साम्यावरून स्तर निश्चित करावा, 4) आवश्यक वाटल्यास मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.

सोबत: परिशिष्ट अ (साम्यांचा तक्ता), परिशिष्ट ब (मूळ स्रोतांच्या पानांच्या प्रती), परिशिष्ट क (पृष्ठ 41 वरील परिच्छेदाचा सुधारित मसुदा).

आपला/आपली विश्वासू,
(नाव, रोल नंबर, सही, दिनांक)

---

परिशिष्ट अ मध्ये प्रत्येक मॅचला एक ओळ पुरे, उदाहरणार्थ: "मॅच क्र. 3, अहवाल पृष्ठ 31, प्रबंध पृष्ठ 24. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील कलम 3(c), बाधित कुटुंबाची व्याख्या. स्वतंत्र परिच्छेदात, कलम क्रमांकासह. अहवालातील स्रोत: अन्य विद्यापीठातील विद्यार्थ्याचा पेपर. मूळ स्रोत: राजपत्र, परिशिष्ट ब पान 2." लेटर मुद्दाम दीड पानाच्या पुढे जाऊ दिलेलं नाही, सगळं जड सामान परिशिष्टात. पॅनेलमधले प्राध्यापक पेपर तपासणी आणि लेक्चरच्या मधे हे वाचतात, चार पानी लेटरमधला मुद्दा त्यांना सापडत नाही.

आकड्यांपुढे "अंदाजे" लिहिलंय ते राहू द्या. तुमची वजाबाकी आणि फिल्टर लावल्यावर येणारा आकडा तंतोतंत जुळत नाही, कारण एक सोर्स वगळला की त्याच ओळीखाली दडलेला दुसरा सोर्स वर येतो आणि आकडा अपेक्षेइतका खाली जात नाही. ब्लॉक कोट्स तर फिल्टरने निघणारच नाहीत, म्हणून दुसरी मागणी वेगळी केलीय की समितीने डोळ्याने बघून वगळावेत. फिल्टर लावून रिपोर्ट 13-14% आला तर तेवढ्यावर "अजून लेव्हल 1 आहे" असा शेरा पडू शकतो, तिथे हीच ओळ कामाला येते.

नव्याने अपलोड न करता हे शब्द का घातले तेही सांगतो. घाईत कोणीतरी म्हणतं, फाइल परत दे, परत चेक करू. तुमची पहिली फाइल रिपॉझिटरीत साठली असेल तर दुसरी फाइल तिच्याशीच मॅच होऊन 90 च्या पुढचा आकडा येतो आणि नसता ताप. फिल्टर तर आहे त्याच रिपोर्टवर बदलता येतात, त्याला नवी फाइल लागत नाही. सुधारित परिच्छेदासह पूर्ण प्रबंध परत तपासायचाच असेल तर आधीचं सबमिशन वगळून तपासा असं मेलवर लिहून घ्या.

कोणाच्या नावाने? विनियमांप्रमाणे विभागाच्या पॅनेलचे अध्यक्ष हेड ऑफ डिपार्टमेंटच असतात, सोबत विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि एक सॉफ्टवेअर समजणारा मेंबर. त्यामुळे पत्र हेडनाच जातं पण अध्यक्ष या पदाने लिहा, म्हणजे ते त्यांच्या ड्रॉवरमध्ये न राहता समितीसमोर येतं. पॅनेलला संस्थेच्या समितीकडे अहवाल द्यायला 45 दिवस आहेत आणि संस्थेच्या समितीलाही पुढे 45, तेव्हा रिझल्ट अडकणार असेल तर निर्णय लवकर घ्या अशी एक ओळ वर घालायला हरकत नाही. तुमचे गाइडच हेड असतील तर "मार्फत" ची ओळ काढा आणि एक प्रत प्राचार्यांना द्या. नाहीतर गाइडची सही जरूर घ्या, शक्य असेल तर "उतारे मी पाहिले आहेत, संदर्भ योग्य आहेत" अशी एक ओळ त्यांच्या हातची. पॅनेलवर त्याचं वजन पडतं.

मराठीत चालेल का म्हणाल तर आमच्याकडे दोन्ही येतात आणि दोन्ही चालतात. फक्त नोटीस इंग्लिशमध्ये असेल आणि बाहेरचे मेंबर मराठी वाचणारे नसतील तर परिशिष्ट अ चा तक्ता इंग्लिशमध्ये करा, लेटर मराठीत राहिलं तरी अडत नाही.

दोन प्रती न्या, एक ऑफिसला आणि दुसरीवर इनवर्ड नंबर, शिक्का, तारीख घ्या. क्लार्क म्हणेल ठेवून जा, नंतर शिक्का मारतो, थांबून तिथेच घ्या. तीच पीडीएफ हेडना मेलही करा.

समक्ष बोलावलं तर डिझर्टेशनची प्रत, रंगीत रिपोर्ट आणि एक-दोन मूळ पुस्तकं घेऊन जा. तिथे बहुतेक एकच प्रश्न येतो, इतके लांब उतारे का घेतले, स्वतःच्या शब्दांत का नाही लिहिलं? कायद्याची व्याख्या शब्दशः द्यावी लागते कारण एका शब्दाने कोण बाधित धरलं जातं ते बदलतं, हे तुमच्या विषयात सांगता येतं. पण साध्या माहितीसाठी घेतलेला ब्लॉक असेल तर त्याचं समर्थन करत बसू नका, तो लेखनाच्या दर्जाचा प्रश्न आहे, त्याचे मार्क गाइड आणि परीक्षक कापतील, वाङ्मयचौर्य तो नाही, एवढंच शांतपणे सांगा. दोन्ही गोष्टी पॅनेलवरही कधीकधी मिसळल्या जातात.

निर्णय विरोधात गेला तरी तो लेखी मागा, आणि त्यात कुठले मॅच धरले आणि कुठले वगळले ते नमूद करायला सांगा. विनियमांत स्पष्ट आहे की शिक्षा तेव्हाच जेव्हा गैरवर्तन निःसंशय सिद्ध झालंय, अपिलाचे सगळे मार्ग संपलेत आणि विद्यार्थ्याला बचावाची पुरेशी संधी मिळालीय. संस्थेच्या समितीपुढे जाताना त्या लेखी निर्णयातल्या प्रत्येक धरलेल्या मॅचपुढे तुमच्या परिशिष्ट अ ची ओळ लावायची. आणि निर्णय बाजूने आला तर फिल्टर लावलेला नवा रिपोर्ट तुमच्या फाइलला लागलाय ना ते ऑफिसमध्ये स्वतः बघून या, नाहीतर व्हायवाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकासमोर जुन्या 27% चंच पान उघडलं जातं.